आठशेपैकी आठशे मिळाल्यानंतर

परीक्षेच्या ताणावरचे आपल्याकडचे दोन गाजलेले सिनेमे आठवून पाहा. ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०) मध्ये क्रिकेटमध्ये रमणाऱ्या आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलावर बापाचा हात उठतो, मुलगा कोमात जातो आणि पुढे बाप शिक्षणव्यवस्थेशी भांडायला उभा राहतो. ‘छिछोरे’ (२०१९) मध्ये प्रवेशपरीक्षेत नापास झालेला मुलगा जीव द्यायचा प्रयत्न करतो. तो अतिदक्षता विभागात पडून असतो, आणि वडील व त्यांचे मित्र त्याला आपल्या हॉस्टेलच्या दिवसांची गोष्ट सांगतात. दोन्ही सिनेमे कळकळीने केलेले आहेत, दोन्हींनी अनेकांना रडवलं आहे. पण दोन्हींमध्ये मुलगा खाटेवर आहे आणि बोलतोय तो बाप. ज्याच्यावर ताण आला, त्याला त्या ताणाबद्दल स्वतः काय म्हणायचं होतं, हे आपल्याला फारसं कळत नाही. ही मुलांबद्दलची गोष्ट असली तरी ती आईबापांसाठी आहे.

नेड व्हिझिनी या अमेरिकन लेखकाची ‘इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी’ ही किशोरांसाठीची कादंबरी २००६ साली आली. तिच्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोलतो तो पंधरा वर्षांचा मुलगाच. क्रेग गिलनर त्याचं नाव, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा. माझ्या अकरावीतल्या भाचीने ती वाचून परत दिली तेव्हा एवढंच म्हणाली, “मावशी, हा तर पास झालाय.” या कादंबरीवर मी वाचलेलं हे सगळ्यात नेमकं समीक्षण आहे. माझा हा लेख म्हणजे त्या वाक्याचा विस्तारच समजा.

क्रेग खरोखरच पास झाला आहे. मॅनहॅटनमधल्या एका नामांकित शाळेत त्याला जायचं असतं. शाळेचं नाव काल्पनिक आहे, पण तिच्यामागची पद्धत खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळांचा प्रवेश केवळ एका लेखी परीक्षेच्या गुणांवर ठरतो. आधीच्या इयत्तांचे गुण, शिफारसपत्रं, मुलाखत, यातलं काहीच तिथे मोजलं जात नाही. अशा शाळांत सर्वांत प्रसिद्ध असलेल्या स्टायव्हेसंट हायस्कूलमध्ये व्हिझिनी स्वतः शिकला होता.

क्रेगला ही शाळा कोणी लादलेली नाही. तीच त्याला हवी असते, आणि त्याचं कारणही शहाण्या मुलाचं आहे: इथे कोणाची ओळख चालत नाही, मेहनत केली की जमतं. मग तो पुस्तकं आणतो, क्लास लावतो, भुयारी रेल्वेत शब्दांची कार्डं घोकतो. मित्रांपासून दूर होतो आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच काय करायचं हे त्याला स्पष्ट कळलेलं असतं. निकाल लागतो आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, आठशेपैकी आठशे.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने गोष्ट इथे संपवली असती किंवा निकाल उलटा लावून इथून सुरू केली असती. व्हिझिनीची गोष्ट मात्र या यशानंतर सुरू होते. शाळेत गेल्यावर क्रेगच्या लक्षात येतं की ज्या परीक्षेसाठी आपण वर्षभर घासली, ती इथल्या काही मुलांनी फारसा अभ्यास न करता दिली होती. त्याचा जवळचा मित्र ॲरन त्यांच्यातलाच. क्रेगला आता ९३ टक्के मिळतात. जगात कुठेही ९३ हे चांगलेच गुण आहेत, पण या शाळेत ते मधल्या फळीतले आहेत. आपण हुशार नव्हतो, फक्त तयारी केलेले होतो, असं त्याला वाटू लागतं. ही गोष्ट तो कोणाला सांगूही शकत नाही. नापास झालेल्या मुलाची कीव येते. ९३ टक्केवाल्याने तोंड उघडलं तर लोक हसतील.

आपल्याकडे हे ओळखू न येण्यासारखं नाही. तालुक्याच्या शाळेतून पहिला आलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या कॉलेजात पहिल्या चाचणीत चाळिसावा येतो. कोचिंगच्या ‘वरच्या’ बॅचमध्ये निवड झालेल्या मुलीला तिथे गेल्यावर आपण शेवटच्या बाकावरचे आहोत हे कळतं. ताण म्हणजे नापास होण्याची भीती असं आपण धरून चालतो, म्हणून पास झालेल्या मुलांकडे कोणाचं लक्ष जात नाही. पेढे वाटून झालेले असतात. भाचीचं ते एक वाक्य तिथूनच आलं होतं.

किशोर वाचकाच्या बुद्धीचा मान राखणं म्हणजे काय, याचं दुसरं उदाहरण या कादंबरीत विचारांच्या मांडणीत सापडतं. मराठीत आपण ‘डोक्याला भुंगा लागला’ म्हणतो आणि थांबतो. क्रेग त्या भुंग्याची चिरफाड करतो. अंगावर येणाऱ्या कामांना तो नाव देतो: टेंटॅकल्स, म्हणजे ऑक्टोपसला असतात तसे लांबलचक हात. एक ईमेल पाठवायचा राहिला की त्याला गृहपाठ लटकलेला, गृहपाठाला गुण, गुणांना कॉलेज. तेच विचार पुन्हा पुन्हा फिरत राहण्याला तो सायकलिंग म्हणतो. आणि ज्या गोष्टींत मन काही काळ टिकतं, त्या त्याच्या अँकर्स, म्हणजे नांगर. हे शब्द डॉक्टरांनी दिलेले नाहीत. मुलाने स्वतःसाठी घडवलेले आहेत. एखाद्या कॉलेजकुमाराने स्वतःच्या मोबाईलमधल्या फोल्डरांना नावं द्यावीत तितक्या सहजपणे ते येतात.

त्याची एक साखळी जरा सविस्तर पाहू. ती साधारण अशी जाते: आजचं काम झालं नाही, तर या विषयात गुण कमी पडतील. गुण कमी पडले, तर चांगलं कॉलेज मिळणार नाही. चांगलं कॉलेज नाही, तर चांगली नोकरी नाही. नोकरी नाही, तर आरोग्यविमा नाही. विमा नाही, तर डॉक्टरांचे पैसे देता येणार नाहीत. उपचार नाहीत, तर आजार वाढेल, आणि शेवटी आपण रस्त्यावर राहणारे बेघर होऊ. सुरुवात न पाठवलेल्या एका ईमेलपासून झाली होती.

मोठी माणसं अशा वेळी म्हणतात, “एवढं काय, एक गृहपाठ तर राहिलाय.” हे बरोबर आहे आणि तरी त्याचा उपयोग होत नाही. कारण साखळीतला प्रत्येक दुवा खराच आहे. कमी गुणांनी कॉलेज हुकतं हे याच मोठ्यांनी त्याला शिकवलेलं आहे. अमेरिकेत अनेकांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो, हेही खरं. चूक कुठल्या एका दुव्यात नाही. प्रत्येक पायरीवरचा ‘कदाचित’ गळून पडला आहे आणि त्या जागी ‘म्हणजेच’ येऊन बसला आहे. प्रत्येक पायरी घडण्याची शक्यता अर्धी धरली, तरी सहा पायऱ्यांनंतर ती चौसष्टात एक उरते. क्रेगला हे गणित येत नाही असं नाही, तो त्यात पैकीच्या पैकी मिळवून आलाय. पण रात्री तीन वाजता डोकं गणित करत नाही, ते शेवटच्या पायरीवर जाऊन उभं असतं.

व्हिझिनी हे असं समजावून सांगत बसत नाही. तो फक्त साखळी समोर ठेवतो, तीही विनोदी वाटेल अशा वेगात. पंधरा-सोळा वर्षांचा वाचक हसतो, मग आपलीही अशीच साखळी आहे हे त्याच्या ध्यानात येतं, मग कोणता दुवा कच्चा आहे ते तो स्वतः शोधू लागतो. हे काम वाचकाला करू देणं म्हणजेच त्याच्यावर विश्वास ठेवणं.

या गोष्टीत खलनायक नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. क्रेगचे आईवडील त्याच्यावर ओरडत नाहीत, त्याची कोणाशी तुलना करत नाहीत. तो आजारी आहे हे कळल्यावर ते त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, बिलं भरतात, जेवताना त्याने काही खाल्लं का हे चोरून पाहतात. खाल्लेलं त्याच्या पोटात टिकत नाही, हे त्यांना माहीत आहे. परीक्षाही अन्यायाची नाही, ती सगळ्यांना सारखीच होती. क्रूर बाप किंवा खडूस प्राचार्य दाखवला असता तर वाचकाची सुटका झाली असती: आमचे बाबा असे नाहीत, म्हणजे आम्हाला हे होणार नाही. व्हिझिनी ती सुटका देत नाही. चांगल्या घरात, स्वतःच्या इच्छेने, न्याय्य परीक्षेतूनही हे घडू शकतं. उलट चांगल्या आईवडिलांमुळे क्रेगच्या अपराधीपणात भरच पडते. तक्रार करायला कोणीच नसल्यामुळे तो स्वतःकडेच बोट दाखवतो.

औषधाबद्दलचा भाग मला या पुस्तकातला सर्वांत उपयोगाचा वाटतो. क्रेगला नैराश्यावरची गोळी सुरू होते, ती लागू पडते, त्याला बरं वाटतं. बरं वाटतंय म्हणजे आता गरज नाही, असं ठरवून तो कोणाला न विचारता ती बंद करतो. लगेच काही होत नाही, म्हणून आपण बरोबर होतो असं त्याला वाटतं. नंतर तो खाली घसरतो तेव्हा दोन गोष्टींचा संबंध त्याला पटकन लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्या किती नातेवाइकांनी हेच केलेलं असतं! ‘औषध डॉक्टरांना विचारून बंद करा’ ही सूचना वेष्टनावर असते आणि कोणी वाचत नाही. इथे ती एका शहाण्या मुलाच्या शहाण्या वाटणाऱ्या निर्णयाच्या रूपात येते, म्हणून लक्षात राहते.

एका रात्री क्रेगचा जीव द्यायचा विचार पक्का होतो. लेखक या रात्रीला नाट्यमय करत नाही. आईच्या शेल्फावरच्या एका पुस्तकात मदतीसाठी फोन करा असं लिहिलेलं त्याला सापडतं, आणि तो फोन करतो. पलीकडून त्याला थांबायला सांगितलं जातं, कारण त्या रात्री फोन करणारे बरेच आहेत. हे वाचताना हसू येतं आणि त्याबरोबर एक माहितीही मिळते: आपण एकटे नाही, अक्षरशः रांग आहे. शेवटी जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा असं त्याला सांगितलं जातं, आणि तो पहाटे आपल्या पायांनी तिथे जातो. फॉर्म, रक्तदाब, प्रश्न, वाट पाहणं, सगळं क्रमाने येतं. अशा वेळी नेमकं काय करायचं आणि तिथे गेल्यावर काय होतं, हे एखाद्या मुलाला शांतपणे सांगणारी पुस्तकं फार नाहीत. आपल्याकडे आता १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मराठीत अशी कादंबरी लिहिली गेली तर तिच्यात हा क्रमांक कुठल्या तरी भिंतीवर, पात्राच्या नजरेसमोर असावा असं मला वाटतं.

किशोरांच्या वॉर्डाचं काम चालू असल्यामुळे क्रेगला प्रौढांच्या मानसोपचार वॉर्डात ठेवतात. तो तिथे पाच दिवस राहतो. खोलीतला सोबती मुक्तदा हा इजिप्तचा माणूस अंथरुणातून उठतच नाही. बॉबी नावाच्या माणसाला राहायला जागा हवी आहे, ती मिळवण्यासाठी मुलाखत द्यायची आहे आणि मुलाखतीला घालायला त्याच्याकडे धड शर्ट नाही. ही मुलाखत कादंबरीतली दुसरी परीक्षा आहे. तिच्यावर कॉलेज अवलंबून नाही, डोक्यावरचं छप्पर अवलंबून आहे. क्रेग त्याला शर्ट मिळवून देतो. मुक्तदासाठी तो इजिप्तचं संगीत मिळवण्याची खटपट करतो. या दोन कामांना गुण नाहीत. लेखक इथे ‘बघ, तुझं दुःख किती लहान’ असं म्हणत नाही, आणि हा मोह आवरणं सोपं नव्हतं. बॉबीची अडचण मोठी आहे म्हणून क्रेगचा आजार खोटा ठरत नाही. दोघे एकाच टेबलावर जेवतात, एवढंच.

वॉर्डात क्रेग पुन्हा चित्रं काढू लागतो. लहानपणी त्याला नकाशांचं वेड होतं. मॅनहॅटनचा नकाशा गिरवायचा तो प्रयत्न करी, तो हुबेहूब जमत नसे, आणि तो रडकुंडीला येई. तेव्हा आईने सुचवलं होतं की, मग स्वतःच्या मनातल्या शहराचा नकाशा काढ. आता तो माणसांची डोकी काढतो आणि मेंदूच्या जागी रस्ते, पूल, चौक. दुसऱ्याने आखलेली रेष हुबेहूब गिरवणं आणि आपली रेष काढणं, यांतलं अंतर परीक्षेच्या गोष्टीशी किती जोडलेलं आहे ते लेखक बोलून दाखवत नाही. माझ्या भाचीला ते दिसलं, मला तिने दाखवल्यावर दिसलं.

पण इथेच माझी या कादंबरीबद्दलची मुख्य तक्रारही आहे. शेवटी क्रेग ती शाळा सोडून कलेच्या शाळेत जायचं ठरवतो. म्हणजे स्पर्धेतून सुटका झाली ती दुसरा एक गुण सापडल्यामुळे. ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधल्या फरहानला कॅमेरा सापडतो, तसंच हे. मग ज्या मुलाला ना गणितात गती आहे ना चित्रात, त्याने काय करायचं? जगायला पात्र ठरण्यासाठी काहीतरी विशेष जमलंच पाहिजे, हा नियम परीक्षेचाच आहे. इथे फक्त विषय बदलला. बाकी पुस्तकभर इतका सावध असलेला लेखक शेवटाला थोडा सैल झाला असं वाटतं. याच शेवटी नोएल या मुलीशी जुळलेलं प्रेमही जरा घाईत मार्गी लागतं. वॉर्डातले काही रुग्ण केवळ हसण्यापुरते येतात. शिवाय शाळा बदलणं क्रेगच्या शहरात आणि त्याच्या घरच्या परिस्थितीत शक्य आहे. बारावीच्या मध्यावर, कोचिंगची दोन वर्षांची फी भरलेल्या घरात ते तसं शक्य नसतं.

तरी एक गोष्ट त्याने सांभाळली आहे. क्रेग बरा झाला असं तो म्हणत नाही. मनात काहीतरी सरकलं, एवढंच तो म्हणतो. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांच्या भेटी चालू आहेत, गृहपाठही असणारच आहे.

हे महत्त्वाचं का, त्याचं कारण पुस्तकाबाहेर आहे. व्हिझिनी स्वतः २००४च्या नोव्हेंबरअखेरीला ब्रुकलिनच्या एका हॉस्पिटलात मानसोपचार वॉर्डात पाच दिवस होता. बाहेर आल्यावर डिसेंबरमध्ये त्याने ही कादंबरी लिहायला घेतली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुरी केली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. २०१३च्या डिसेंबरमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

पुस्तक मुलांच्या हाती देताना हे सांगावं की नाही, असा प्रश्न मला पडला होता. मी सांगितलं नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं आणि मलाच विचारलं, “तुला माहीत होतं ना?” मी हो म्हटलं. ती थोडी रागावली. म्हणाली, “मग आधी का नाही सांगितलंस? मी वेगळं वाचलं असतं.” तिचा राग बरोबर होता. लेखकाने तिच्यावर जेवढा विश्वास ठेवला, तेवढा मी ठेवला नव्हता.

लेखकाच्या मृत्यूमुळे कादंबरी खोटी पडते का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं म्हणणं असं की, ‘आता सगळं ठीक झालं’ असं तिने म्हटलं असतं तर ती खोटी पडली असती. तिने म्हटलंय ते वेगळं: हा आजार आहे, तो परत येऊ शकतो, आणि पहाटे पाच वाजताही जाता येईल अशी एक जागा आहे. पाच दिवसांच्या मुक्कामानंतर त्याला नऊ वर्षं मिळाली, आणि त्या वर्षांत त्याने पुस्तकं लिहिली. भाचीला हे पूर्ण पटलं नाही. नऊ वर्षं म्हणजे फार नाहीत, असं ती म्हणाली. तिचं वय सोळा आहे, म्हणजे नऊ वर्षं तिच्या आयुष्याच्या निम्म्याहून जास्त होतात, हे मी तिला सांगणार होते. पण ते गणित तिला माझ्याआधी आलं असणार.

मराठीत पौगंडावस्थेतल्या मुलाला स्वतःच्या आवाजात बोलू देणारी कादंबरी नाही असं नाही. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ (२००४) मधला नववीतला मुकुंद जोशी कुठल्याही मोठ्याच्या परवानगीशिवाय बोलतो. पण ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातली आहे आणि तिच्या वाचकांत ते दिवस आठवणारे प्रौढ पुष्कळ आहेत. आज अकरावीत असलेल्या, सकाळी सहाला क्लासला निघणाऱ्या, चाचणीचे गुण ग्रुपवर पडताच फोन उलटा ठेवणाऱ्या मुलीची गोष्ट तिच्याच तोंडून अजून यायची आहे. ती लिहिणाऱ्याला एकच सुचवावंसं वाटतं: तिला चांगले गुण पडू द्या, आणि मग तिच्या मागे मागे घरी जा.